जुन्या भावगीतातून आवाज वेगळा काढताना: रियाजाच्या ट्रॅकच्या कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२६

काम असं आहे. पाडवा पहाटेच्या कार्यक्रमात वहिनी एक जुनं भावगीत गाणार आहे. स्टेजवर पेटी, तबला, व्हायोलिन सगळे साथीला असतील, पण तालमी शेवटच्या आठवड्यातच होणार. तोपर्यंत घरी एकटीला रियाज करायला मूळ गाण्याचीच साथ हवी, फक्त गायिकेचा आवाज नको. या गाण्याचा तयार कराओके मिळतो, पण तो कीबोर्डवर वाजवलेला आहे. त्यात ना पेटीचा भरणा, ना व्हायोलिनचे मधले तुकडे. शिवाय वहिनीच्या पट्टीतही तो नाही.

मूळ ध्वनिमुद्रण १९६०च्या दशकातलं, मोनो, साधारण चार मिनिटांचं. साथीला पेटी, तबला, तंबोरा, व्हायोलिन, बासरी. माझ्याकडे आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळं सॉफ्टवेअर फुकटातलं वापरणार.

आधी एक जुनी युक्ती बाजूला ठेवतो, कारण ती अनेक जण सुचवतात. डाव्या वाहिनीतून उजवी वजा केली की मधोमध ठेवलेला आवाज उडतो, असा तो प्रकार. स्टिरिओ गाण्यात तो काही अंशी चालतो. मोनोमध्ये दोन्ही वाहिन्या सारख्याच असतात, त्यामुळे वजाबाकीनंतर हाती निव्वळ शांतता येते. १९७०च्या आधीचं बहुतेक मराठी संगीत मोनोच आहे, तेव्हा या गाण्यांसाठी तो रस्ता बंदच समजा.

३ फेब्रुवारी

डीमक्स बसवलं. फेसबुकच्या संशोधकांनी केलेलं हे सॉफ्टवेअर खुलं आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीतली `htdemucs` आणि `htdemucs_ft` ही दोन मॉडेलं मला वापरायची होती. गाण्याचे ते चार भाग करतं: आवाज, ड्रम, बेस आणि ‘बाकीचं’. त्यातला आवाज सोडून उरलेले तीन एकत्र करून देण्याचीही सोय आहे.

बसवताना अख्खी संध्याकाळ गेली आणि अडचण अगदी शेवटच्या टप्प्यावर होती. गाणं पूर्ण वेगळं होऊन टक्केवारी शंभरवर पोचायची आणि फाइल लिहायच्या वेळी `TorchCodec is required` असं म्हणून सगळं थांबायचं. कारण साधं आहे. फाइल जतन करण्याचं काम डीमक्स `torchaudio`कडे सोपवतं आणि त्याच्या २.९ आवृत्तीपासून त्यासाठी आणखी एक वेगळं पॅकेज लागतं. एक आवृत्ती मागे गेल्यावर काम सुरळीत झालं:

```
pip install "torch<2.9" "torchaudio<2.9" soundfile demucs
demucs -n htdemucs_ft --two-stems=vocals gaane.wav
```

पहिली चाचणी अख्ख्या गाण्यावर घेऊ नका. तीस सेकंदांचा तुकडा कापून त्यावर घ्या. फाइल लिहिली जाते की नाही हे दोन-तीन मिनिटांत कळतं.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर साध्या `htdemucs`ला गाण्याच्या लांबीच्या साधारण दीडपट वेळ लागतो. `htdemucs_ft` म्हणजे प्रत्यक्षात चार मॉडेलं, प्रत्येक एकेका भागावर आणखी घासलेलं, म्हणून त्याला चौपट वेळ. माझ्याकडे चार मिनिटांच्या गाण्याला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागली. `--two-stems` दिलं म्हणून वेळ वाचत नाही. आत चारही भाग वेगळे होतातच, आपल्याला फक्त दोन फाइली करून मिळतात.

५ फेब्रुवारी

पहिला निकाल ऐकला. फोनमध्ये पडून असलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री वापरली होती. आवाज गेला, पण साथ पाण्याखालून ऐकू यावी तशी. तंबोरा सतत थरथरत होता आणि टाळीच्या मात्रेला तबल्याच्या चाटीवर खरखर येत होती.

एमपीथ्री करताना जे स्वर दुसऱ्या मोठ्या आवाजाखाली झाकले जातात ते काटले जातात. पूर्ण गाण्यात ते कानाला जाणवत नाही, कारण झाकणारा आवाज जागेवर असतो. आपण नेमका तोच, म्हणजे गायिकेचा आवाज, बाजूला करतो. मग त्याच्यामागे काटाकाटीने पडलेली भोकं उघडी पडतात. म्हणून जे गाणं एमपीथ्रीत ‘बरं’ वाटतं ते वेगळं केल्यावर वाईट वाटतं. दोष सॉफ्टवेअरचा नसून कच्च्या मालाचा असतो.

घरात याच गाण्याची सीडी होती. ती वेव्हमध्ये उतरवून पुन्हा चालवलं. तंबोऱ्याची थरथर बरीच कमी झाली आणि चाट सुटी ऐकू आली. मॉडेल बदलून किंवा पर्याय चाळवून जेवढा फरक पडला, त्यापेक्षा या एका बदलाने जास्त पडला. एमपीथ्री वेव्हमध्ये बदलून उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. सीडी किंवा लॉसलेस विकत मिळत असेल तर पहिला खर्च तिथे करा.

८ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे, कारण सगळ्या कामाचं मर्म इथे सापडलं.

साथीची फाइल कितीही वेळा ऐकली तरी नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नव्हतं. कुठे तरी साथ बसल्यासारखी वाटायची, एवढंच. मग उलट केलं. साथ बाजूला ठेवली आणि वेगळ्या निघालेल्या आवाजाची फाइल हेडफोन लावून एकटी ऐकली. दोन्ही फाइली मिळून जवळजवळ मूळ गाणं होतं. म्हणजे आवाजाच्या फाइलीत जे वाद्य सापडेल ते साथीतून चोरीला गेलेलं आहे. साथीत नसलेली गोष्ट कान शोधू शकत नाही, पण आवाजात नको असलेली गोष्ट लगेच पकडतो.

दुसऱ्या अंतऱ्यात गायिका तार षड्जावर ठेहराव घेते. सुमारे तीन सेकंद, आकारात, अगदी स्थिर. पेटीवाला त्याच सुरावर बोट ठेवून आहे. आवाजाच्या फाइलीत तिथे गळ्याच्या मागे पेटीच्या पत्तीची बारीक झंकार स्वच्छ ऐकू येते. आता साथीची फाइल त्याच जागी ऐकली. षड्ज सुरू होताच पेटी विरघळते, तबला आणि तंबोरा एकटे उरतात, आणि गायिका थांबली की पेटी एकदम परत येते. रियाजाला बसलेल्या माणसाला नेमका तिथेच आधाराचा सूर हवा असतो.

त्याच अंतऱ्यात पुढे एक हरकत आहे, पंचमावरून गंधारावर घसरत येणारी. तिथे मात्र आवाज आणि पेटी जवळजवळ पूर्ण वेगळे झालेत. गळा मींडेने उतरतो, पेटीला मींड नसते. ती पायरी पायरीने उतरते, आणि तीही गाणाऱ्याच्या किंचित मागून. एवढा फरक मॉडेलला पुरतो. स्थिर सुरावर मात्र दोघांच्या मूळ सुराची आणि वरच्या सगळ्या उपस्वरांची जागा एकच असते. व्यंजन नाही, कंप नाही, हालचाल नाही. मग वेगळं करायला धरायचं काय?

हे लक्षात आल्यावर पुढे काय बिघडणार ते गाणं ऐकूनच सांगता येऊ लागलं. लांब ठेहराव असेल तिथे पेटी जाणार. मुरक्या, ताना आणि भरभर शब्द असतील तिथे साथ चांगली राहणार.

व्हायोलिनचं उलटं आहे. मुखडा आणि अंतऱ्यामधल्या म्युझिक पीसमध्ये कोणी गात नाही, तरी आवाजाच्या फाइलीत व्हायोलिनची मींड येऊन बसली होती. ते घसरतं, कंप घेतं, गळ्यासारखं वागतं, म्हणून मॉडेलला तो गळा वाटतो. बासरीची एक लांब फुंकही तशीच गेली. सारंगीची साथ असलेल्या गाण्यात हे आणखी वाढेल.

ही मॉडेलं कशावर शिकली हे माहीत असलं की यात नवल वाटत नाही. या क्षेत्रात सगळे ज्या संग्रहावर मोजमाप करतात तो `MUSDB18`. त्यात १५० गाणी, शिकवायला १०० आणि तपासायला ५०, बहुतेक पाश्चात्त्य पॉप आणि रॉक. डीमक्सच्या चौथ्या आवृत्तीला त्याशिवाय आणखी ८०० गाणी दिली होती. `MUSDB18`वर ‘९ डीबी’ असा जो गुण सांगितला जातो त्याचा अर्थ असा की वेगळ्या निघालेल्या भागात चुकीची ऊर्जा खऱ्या ऊर्जेच्या साधारण एक अष्टमांश असते. हा आकडा चारही भागांची सरासरी आहे, आणि तोही मॉडेल ज्या जातीच्या गाण्यांवर शिकलं त्याच जातीच्या गाण्यांवर काढलेला. तिथे गाणाऱ्याच्या मागोमाग तोच सूर वाजवत जाणारं वाद्य क्वचित असतं. आपल्याकडे साथ म्हणजे तेच.

१० फेब्रुवारी

गिटार आणि पियानो वेगळे काढणारं `htdemucs_6s` घेऊन पाहिलं. पेटी पियानोत जाईल अशी आशा होती. ती तुकड्यातुकड्यांनी तीन फाइलींत विखुरली. सोडून दिलं.

यूव्हीआर नावाच्या प्रोग्रॅममध्ये `BS-Roformer` जातीचं मॉडेल चालवलं. कमांड लिहायची नसेल तर हा प्रोग्रॅम सोयीचा, सगळं बटणांवर चालतं. ग्राफिक्स कार्डाशिवाय भयंकर हळू, रात्री लावून झोपलो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचे साथीत उरलेले फुसकारे यात खूपच कमी झाले आणि आवाजामागची घुमही जास्त चांगली निघाली. तार षड्जावरची पेटी मात्र इथेही आवाजाबरोबरच गेली. चांगलं मॉडेल कडा स्वच्छ करतं, पण दोन वाद्यांचा सूर एक झाला की तेही अडतं.

यापुढचं सगळं काम याच आवाजाच्या फाइलीवर करायचं ठरवलं. तबल्याचं काय होतं हे बघण्यापुरत्या डीमक्सच्या चार फाइली ठेवल्या.

१२ फेब्रुवारी

आमचे तबलेवाले काका घरी आले होते. त्यांना ड्रमची फाइल एकटी ऐकवली. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, “अरे, हा तबला नाही, ही नुसती टकटक आहे. डग्गा कुठाय?”

डग्गा बेसच्या फाइलीत होता. चाटीचा आघात ड्रममध्ये, त्या आघातानंतर उरणारी तबल्याची आस ‘बाकीचं’मध्ये, आणि डग्ग्याचा घुमारा बेसमध्ये. म्हणजे एका ‘धा’चे तीन तुकडे तीन ठिकाणी. पाश्चात्त्य ड्रमला ठरावीक सूर नसतो आणि बेस गिटारला असतो, या हिशेबाने मॉडेलने केलेली वाटणी बरोबरच आहे. तबला या दोन्ही खणांत मावत नाही.

याचा कामावर थेट परिणाम होतो. ‘तबला थोडा वर काढू’ म्हणून ड्रमची पातळी वाढवली की फक्त टकटक वाढते. ठेका मोठा करायचा असेल तर ड्रम आणि बेस एकत्र हलवायला लागतात, आणि आस तरीही मागे राहते. काकांनी पाच डीबी वाढवून ऐकलं आणि सगळं शून्यावर परत आणायला सांगितलं. साथीचे भाग आता मी सुटे वापरतच नाही.

१४ फेब्रुवारी

साथीची फाइल डीमक्सकडून घेण्यापेक्षा स्वतः बनवायची ठरवली, मूळ गाण्यातून आवाजाची फाइल वजा करून. डीमक्सची साथ ही तीन अंदाजांची बेरीज असते. कोणत्याच भागात न बसलेलं जे काही असेल, टेपची बारीक सूंऽ किंवा तंबोऱ्याच्या जवारीचा थोडा अंश, ते त्या बेरजेतून निसटतं. वजाबाकीत ते आपोआप साथीत राहतं.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही ट्रॅक घेतले, आवाजाच्या ट्रॅकवर लहर उलटी करणारं `Invert` दिलं, दोन्ही मिसळले. सोपं आहे, पण दोन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, पातळी. वेगळा केलेला आवाज कमाल मर्यादेच्या वर गेला तर डीमक्स न विचारता ती अख्खी फाइल थोडी खाली आणतं. मग वजाबाकी पुरती होत नाही आणि गायिकेचं भूत मागे राहतं. शब्द स्पष्ट कळतील इतकं. उपाय म्हणजे मूळ वेव्ह आधीच ६ डीबी खाली आणायची, तीच वेगळी करायला द्यायची आणि वजाबाकीतही तीच वापरायची. गुणवत्तेवर याचा परिणाम होत नाही, कारण डीमक्स आत स्वतःची पातळी लावूनच काम करतं. रोफॉर्मरलाही मी तीच फाइल दिली.

दुसरं, जुळणी. मूळ गाणं ४८ किलोहर्ट्झचं असेल तर आधी ४४.१ करून घ्या, डीमक्स त्याच दराने फाइल देतं. आणि दोन्ही बाजू वेव्हच ठेवा. एमपीथ्री करताना फाइलीच्या सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा जोडली जाते. तेवढ्याने दोन ट्रॅक एकमेकांना छेदत नाहीत आणि वजा होण्याऐवजी आवाज पोकळ होऊन दुप्पट ऐकू येतो. वजाबाकी बरोबर झाली का हे ओळखायचं असेल तर जिथे फक्त गाणं आहे आणि साथ नाही, अशी जागा ऐका. आमच्या गाण्यात सुरुवातीला तालाशिवाय एक ओळ आहे. तिथे मागे फक्त तंबोरा उरला तर जमलं.

१७ फेब्रुवारी

आज ट्रॅक खऱ्या अर्थाने ऐकण्याजोगा झाला, आणि तो वेगळं करण्याच्या सॉफ्टवेअरमुळे नाही.

चार मिनिटांच्या गाण्यात गायिका प्रत्यक्षात किती वेळ गाते? सुरुवातीचा पीस, दोन अंतऱ्यांआधीचे पीस आणि ओळींमधल्या जागा धरल्या तर जवळजवळ निम्मा वेळ फक्त वाद्यं आहेत. त्या भागात काही वेगळं करायची गरजच नाही! तिथे मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं ठेवता येतं. व्हायोलिनची चोरी गेलेली मींड, बासरीची फुंक, सगळं फुकटात परत.

ऑडॅसिटीत एका ट्रॅकवर ६ डीबी उतरवलेलं मूळ गाणं, दुसऱ्यावर वजाबाकीची साथ. गाणं असेल तिथे साथ, नसेल तिथे मूळ. सांधा कुठे आणि कसा घालायचा यावर बराच वेळ गेला.

ओळ संपली की लगेच मूळवर उडी मारली तर गायिकेच्या आवाजाची घुम ऐकू येते, कोणीतरी खोलीबाहेर गेल्यासारखी. ती विरेपर्यंत थांबावं लागतं, आमच्या गाण्यात एक-सव्वा सेकंद. उलट बाजूला, ओळ सुरू होण्याआधी गायिका श्वास घेते, आणि त्या श्वासाच्याही आधी साथीवर यावं लागतं.

दुसरी अडचण टेपच्या सूंऽची. मूळमध्ये ती जास्त, साथीत कमी, कारण थोडी आवाजाबरोबर जाते. अगदी छोटा सांधा घातला तर पंखा बंद झाल्यासारखं जाणवतं. दोनशे मिलिसेकंदांचा सांधा ठेवला आणि शक्य तिथे समेवर घातला. डग्ग्याच्या ‘धा’खाली तो लपतो. सांध्याचा उतार सरळ रेषेतला ठेवा. कायम ऊर्जेचा जो दुसरा प्रकार मिळतो तो दोन वेगळ्या गाण्यांसाठी असतो. इथे दोन्ही बाजूला तेच वादन आहे, त्यामुळे मधोमध आवाज फुगतो.

तार षड्जाची पेटी मात्र अशी परत आणता आली नाही, कारण गाणं आणि पेटी तिथे एकाच वेळी आहेत. तेवढ्या तीन सेकंदांसाठी मी स्वतः पेटीवर तो सूर धरून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला, वरचा खणखणीतपणा काढून टाकला आणि अगदी हळू मागे ठेवला. रियाजाला पुरतो. कोणी विचारलं तर हे मूळ वादन आहे असं मी सांगणार नाही.

२१ फेब्रुवारी

पट्टीचं काम. मूळ गाणं काळी पाचच्या जरा वर आहे. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून मागेपुढे करून पाहिलं तेव्हा काळी पाचपेक्षा साधारण तीस सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या तीन दशांशाएवढं, वर जुळलं. जुन्या ध्वनिमुद्रणांत हे नेहमीचं, टेप किंवा तबकडी किंचित वेगळ्या गतीने फिरली की सगळंच सरकतं. वहिनी काळी चारमध्ये गाते. दोन अर्धस्वर खाली आणून भागत नाही, तिच्या पेटीशी जुळायला २.३ आणावे लागतात. ऑडॅसिटीच्या `Change Pitch`मध्ये अर्धस्वरांच्या रकान्यात -२.३ असा दशांश चालतो. जास्त गुणवत्तेचा, हळू चालणारा पर्याय निवडायला विसरू नका.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वेगळं करायचं, मग सांधे, पट्टी सर्वांत शेवटी. आधी पट्टी बदलून मग वेगळं करून पाहिलं, आवाजाच्या कडा फाटल्या आणि साथीत जास्त शब्द उरले.

पाश्चात्त्य गाण्यासाठी एक चांगला सल्ला दिला जातो: ड्रमची फाइल तशीच ठेवा, बाकीची पट्टी बदला, म्हणजे ड्रमचा ठसठशीतपणा राहतो. आपल्याकडे तो चालत नाही. तबला षड्जाला लावलेला असतो. तो काळी पाचलाच राहिला आणि बाकी सगळं काळी चारला आलं तर प्रत्येक चाट बेसूर लागते. आणि चार फाइलींची पट्टी वेगवेगळी बदलून मग त्या एकत्र केल्या तर आणखी वाईट होतं. एका ‘धा’चे तीन तुकडे तीन फाइलींत आहेत, पट्टी बदलताना प्रत्येकाची लहर वेगळी सरकते आणि आघात फिसकटतो. पूर्ण साथ एकत्र करून एकदाच बदलली तेव्हा आघात शाबूत राहिला.

तरी किंमत मोजावीच लागते. चाट थोडी सैल झाली, डग्गा जड झाला. काकांच्या मते शाई ओली असल्यासारखा तबला. दोन-अडीच अर्धस्वरांपर्यंत हे सोसतं. पुरुषाच्या पट्टीतून बाईच्या पट्टीत न्यायला पाच अर्धस्वर सरकवून पाहिलं तेव्हा व्हायोलिन खेळण्यातलं वाटायला लागलं. तेवढा फरक असेल तर या वाटेला न जाता कोणाकडून तरी पेटी आणि ठेका वाजवून घ्यावा.

२३ फेब्रुवारी

वहिनीने ट्रॅक लावून गाऊन पाहिलं. मला वाटत होतं तक्रार तबल्याची येईल. ती म्हणाली, “भावोजी, सुरुवातीच्या ओळीत मी कधी उचलायचं ते कळतच नाही. नुसता तंबोरा आहे.” बरोबरच आहे, तालाशिवायच्या ओळीत धरायला काही नाही. शिवाय तंबोरा तिथे श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो, गायिकेचा सूर लागला की दबतो आणि सुटला की वर येतो.

मग आवाजाची फाइल परत आणली, तिचीही पट्टी साथीबरोबरच बदलून, १५ डीबी खाली ठेवून. उचल कळायला लागली हे तर झालंच, पण साथही सुधारली. आवाजाबरोबर गेलेले पेटीचे आणि तंबोऱ्याचे अंश थोडे परत येतात, आणि उरलेल्या भेगा त्या पुसट आवाजाखाली झाकल्या जातात. वहिनी गायला लागली की मूळ गायिका तिला ऐकूच येत नाही, फक्त आधार जाणवतो. एक बंधन आहे: साथ आणि आवाज आधी मिसळायचे आणि मग पट्टी एकदाच बदलायची. वेगळे बदलून मिसळले तर तबल्यासारखंच फिसकटतं.

आवाज पूर्ण काढायचा हट्ट मी इथे सोडला. रियाजासाठी दोन फाइली ठेवल्या: एकीत आवाज १५ डीबी खाली, दुसरीत अजिबात नाही. पहिली पाठ होईपर्यंत, दुसरी नंतर.

२६ फेब्रुवारी

पुतण्याला याच गाण्याचा आवाज घेऊन रिमिक्स करायचंय. त्याला फाइल दिली आणि त्याच्याबरोबर बसलो. रिमिक्सची गरज रियाजाच्या अगदी उलटी. तिथे आवाज समोर असतो आणि साथ आपण नवी घालतो. त्यामुळे आवाजात अडकलेली पेटी ही मुख्य अडचण. त्याने काळी पाचला धरून गंधार कोमल असलेला कॉर्ड ठेवला, आणि आवाजामागची पेटी शुद्ध गंधार धरून बसलेली. दोन्ही भांडायला लागले. पेटी पुसता येत नाही, म्हणून कॉर्डच मूळ चालीशी जुळवून घ्यावे लागले. वरचे तीस सेंट आहेतच, आधी आवाज तेवढा खाली आणला.

लयही एकसारखी नाही. माणसाने वाजवलेला ठेका अंतऱ्यात किंचित चढतो. ठोकळेबाज बीटवर बसवायला प्रत्येक ओळ थोडी ताणावी किंवा आवळावी लागते, आणि ताणलं की वेगळं करताना राहिलेले डाग मोठे होतात. ओळ ताणण्यापेक्षा ती सुटी कापून तिची सुरुवात मात्रेवर सरकवली, तेव्हा जास्त स्वच्छ राहिलं. दाट बीटखाली बाकीचे डाग लपतात. एकटा आवाज ठेवायची जागा त्याने ‘स्थिर सूर’ टाळून, मुरक्यांच्या ओळीवर घेतली.

त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. घरी करून शिकणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, शब्द आणि चालीचा तर कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची मुदत संपली असली तरी बाकी दोन शिल्लक असू शकतात. परवानगीशिवाय ते बाहेर जाणार नाही.

१ मार्च

वहिनीला शेवटची फाइल दिली. पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवण्यासाठी एमपीथ्री केली होती, ती फोनवर ऐकून परत मागवली. सांध्याजवळची सूंऽ आणि तंबोऱ्याचा श्वास दोन्ही त्यात ठळक झाले होते. आता वेव्ह ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, चाळीस एमबीच्या आसपास. फोनच्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही, म्हणून तिने ती ब्लूटूथ स्पीकरला जोडली आहे. ब्लूटूथमुळे आवाज किंचित उशिरा येतो, पण सोबत गायला त्याने फरक पडत नाही. स्वतःचं गाणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ट्रॅकवर बसवायचं असेल तेव्हा मात्र वायरचे हेडफोन लावायचे, नाहीतर तोच ट्रॅक पुन्हा तिच्या आवाजात शिरेल आणि तो वेगळा काढायचं काम नव्याने सुरू होईल.

पुढचं गाणं घेताना मी आधी सीडी शोधेन आणि मग कागदावर तीन गोष्टी लिहीन: कुठे कुठे फक्त वाद्यं आहेत, लांब ठेहराव कुठे आहेत, आणि षड्ज नक्की कितीवर आहे. या गाण्यात तेवढं आधी लिहिलं असतं तर सांध्यांचं आणि पट्टीचं काम दोन बैठकांत उरकलं असतं.